सुतार ते पाथरवट: भाजे, बेडसे, कार्ले सहलीच्या नोंदी

२८ ऑगस्ट

कालच गणपती बसलेत आणि आरतीनंतर गप्पा मारता मारता ग्रुपमधल्या चारपाच जणांनी परत तोच विषय काढला की हिवाळ्यात एक "सातवाहन ट्रिप" कर ना. मी हो म्हणून बसले आणि आज वही घेऊन बसल्यावर कळतंय की हा विषय एका सहलीत मावणारच नाही. सातवाहन म्हटलं की पैठण आलं, तेर आलं, नाणेघाट आला, जुन्नरची एवढी सगळी लेणी आली, नाशिकची पांडवलेणी आली, कान्हेरी आली. नकाशावर टिंबं टाकली तर निम्मा महाराष्ट्र झाला. चार दिवस बसमध्ये बसायचं आणि प्रत्येक ठिकाणी तासभर उतरून फोटो काढायचे, असल्या सहली मी स्वतः केल्यात, आठवड्याने विचारलं तर कुठलं लेणं कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही.

राजघराणं हा विषय म्हणून वाईट नाही, पण राजघराणं डोळ्यांना दिसत नाही. समोर खांब दिसतो, कमान दिसते. त्यामुळे असा एक प्रश्न शोधायचा की जो प्रत्येक जागी उभं राहून विचारता येईल आणि त्याचं उत्तर तिथे भिंतीवरच सापडेल.

९ सप्टेंबर

प्रश्न सापडला, आणि तो माझा नाही, आर्किटेक्चर कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा आहे. ती म्हणाली, अगं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, हे मुळात लाकडी सभागृह आहे, दगडात नक्कल केलेलं. नक्कल करणाऱ्यांचा हात बसत गेला तसं लाकूड कमी होत गेलं. मग लोकांना एवढंच विचार की इथे सुतार कुठे संपला आणि पाथरवट कुठे सुरू झाला.

बस्स, हेच. आणि यासाठी लांब जायचीच गरज नाही, मावळातच सगळी गोष्ट पडलीये. भाजे साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, बेडसे त्याच्या नंतरचं, कार्ल्याचं मोठं चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. तिन्ही एकाच तालुक्यात, एकमेकांपासून गाडीने तासाच्या आत.

कोंडाणे घ्यावं का यावर बराच वेळ घालवला. कर्जतकडून राजमाचीच्या पायथ्याला आहे, चैत्यगृह आहे, दर्शनी भाग झकास आहे, विषयात शंभर टक्के बसतं. पण घाट उतरून कर्जतला जाणं, वर चालणं, परत येणं यात आख्खा दिवस जातो आणि आतले पुढचे खांब बरेचसे पडलेत, त्यामुळे माझा प्रश्न तिथे अर्धवटच सुटतो. वगळलं. जुन्नरचं तुळजा लेणं मात्र वगळताना वाईट वाटलं, तिथे गोल चैत्यगृह आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा खांब, तसलं दुसरं पटकन बघायला मिळत नाही. पण ते जुन्नरच्या वेगळ्या सहलीत जाईल, या गोष्टीत ते आडवळण आहे.

कोणीतरी सुचवलं की सुरुवात पुण्यात विश्रामबाग वाड्यापासून कर, लाकूडकाम दिसेल. नको. तो १९व्या शतकाच्या सुरुवातीचा, सुमारे दोन हजार वर्षांची उडी मारून लोकांच्या डोक्यात नुसती खिचडी होईल.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कार्ले आणि भाजे बघून आलो. मी, मैत्रीण आणि आमच्या सोसायटीतले सुतारकाका, ज्यांनी आयुष्यभर जुन्या घरांची छपरं आणि दरवाजे केलेत. त्यांना मुद्दाम नेलं.

मुद्दाम रविवार निवडला, कारण सगळ्यात वाईट परिस्थिती बघायची होती. दिसली. कार्ल्याला लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे, आगरी-कोळी समाजाचं कुलदैवत, दर्शनाची रांग पायऱ्यांवर आलेली. तक्रार नाही, माणसं देवीला येतात आणि ती लेणं बघणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, जागा त्यांचीच आहे. पण त्या गर्दीत चौदा लोकांना दाराजवळ उभं करून काही दाखवणं अशक्य. त्यामुळे रविवार बाद, आणि नवरात्र नि चैत्रातली जत्रा तर बघायलाच नको.

मग उतरून हायवे ओलांडून भाज्याला गेलो. इथे सुतारकाकांनी जे केलं ते सहलीत तसंच्या तसं घ्यायचं ठरवलंय.

ते आत शिरले आणि स्तूपाकडे बघितलंच नाही, सरळ मान वर. छताला लाकडी फासळ्या आहेत, वाकवलेल्या कमानींसारख्या, एकामागे एक, आणि त्या मूळच्या आहेत, म्हणजे सुमारे बावीसशे वर्षांचं लाकूड डोक्यावर आहे. काकांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "यांच्यावर भार काहीच नाही गं. वर डोंगर आहे, तो स्वतःच उभा आहे. या काढल्या तरी काय पडणार नाही." मैत्रीण हसली, म्हणाली, "काका, तुम्ही माझं अर्धं लेक्चर संपवलंत." तीच तर गंमत आहे. दगडात खोदलेल्या पोकळीला फासळ्या लागतच नाहीत. पण त्या लोकांच्या डोक्यात सभागृह म्हणजे फासळ्यांचं छप्पर, त्या नसतील तर ते सभागृह वाटणारच नाही.

नंतर काका बाहेर आले आणि कमानीच्या कडेने फिरत दगडातली भोकं दाखवायला लागले. चौकोनी खोबणी आहेत, कडेने, खाली जमिनीत. "इथे चौकट बसत होती. खुंट्यांनी." भाज्याचा दर्शनी भाग आज आख्खा उघडा आहे ना, तो तसा कधीच नव्हता, पुढे लाकडी पडदी होती, दार-खिडकीसकट. ती गेली, खोबणी राहिल्या. मला हे वाचून माहिती होतं, पण काकांनी एका खोबणीत चार बोटं घालायला हात पुढे केला (आणि रखवालदाराने शिट्टी मारली) तेव्हा त्या चौकटीची जाडी एकदम डोळ्यासमोर आली.

१४ ऑक्टोबर

उजेडाचा हिशोब. हा सहलीचा कणा आहे आणि बहुतेक लोक याचा विचारच करत नाहीत.

लेणं म्हणजे एका बाजूने उघडी खोली. तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर आत काय दिसणार ते ठरतं. भाजे पश्चिमेकडे तोंड करून आहे, कार्लेही पश्चिमेकडे. बेडसे पूर्वेकडे. म्हणजे भाजे आणि कार्ले दुपारनंतर, बेडसे सकाळी. सकाळी नऊला कार्ल्यात गेलात तर आत काळोख, मागचे खांब वेगळे ओळखूच येत नाहीत, आणि लोक मोबाइलचे टॉर्च लावून छताकडे बघतात त्यात फासळ्या सपाट दिसतात.

आता बघा हे कसं जमून येतं. काळाचा क्रम: भाजे, बेडसे, कार्ले. उजेडाचा क्रम: दुपार, सकाळ, दुपार. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी भाजे, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी बेडसे, जेवण, दुपारी कार्ले. दोन्ही क्रम एकमेकांवर चपखल बसतात. गोष्ट उलटसुलट सांगावी लागत नाही. एकदम खूश झाले मी.

फक्त वार. शनिवार-रविवार केलं तर कार्ले रविवारी दुपारी येतं, आणि तो परवाच बघितलाय. त्यामुळे शुक्रवार-शनिवार. नोकरीवाल्यांना अर्धा दिवस रजा टाकावी लागेल, दोघं गळतील, गळू देत.

दुसरी मर्यादा म्हणजे संध्याकाळ. पाचच्या सुमाराला रखवालदार लोकांना बाहेर काढायला सुरुवात करतात, म्हणजे कार्ल्यात उपयोगाचा वेळ साडेतीन ते पाच एवढाच धरायचा. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास आहेत, आमच्यात साठीच्या पुढचे चौघं आहेत, चढायला पाऊण तास धरला.

२ नोव्हेंबर

बेडसे. कामशेतवरून पवनेच्या रस्त्याला, गावातून पुढे पायऱ्या, चारशेच्या घरात. वर एक चहावाला नाही, एक पाण्याची बाटली विकणारा नाही, रविवार असून आम्ही धरून नऊ माणसं. पाणी खालूनच न्यायचं, हे यादीत मोठ्या अक्षरात लिहिलंय.

हे लेणं बाहेरून दिसतच नाही. समोरचा खडक पूर्ण काढलेलाच नाही, मधून एक अरुंद बोळ ठेवलाय, त्यातून आत गेलं की अचानक समोर व्हरांड्याचे पंचवीसेक फूट उंच खांब. मागे सरकून बघायला जागाच नाही, त्यामुळे मान मोडेपर्यंत वर बघायचं. वर घंटेसारखं उलटं कमळ आणि त्यावर हत्ती, घोडे, बैल, पाठीवर माणसं बसलेली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन खांबांच्या माथ्यावर होतं आणि ते हळूहळू खाली उतरत गेलं, खालच्या भागावर यायला बराच वेळ लागला कारण तो समोरचा खडक आडवा येतो. म्हणजे फार पहाटे पोचून उपयोग नाही. नऊच्या आसपास वर असावं.

इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर फार स्पष्ट आहे. भाज्याला जे लाकडी होतं ते इथे दगडी झालंय. व्हरांड्याच्या भिंती बघा, कठडे, छोट्या कमानी, मजल्यावर मजला, सगळं लाकडी माडीचं चित्र पण एकही खुंटी नाही. शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, तोही मागे गोल आणि वर कमानदार, चैत्यगृहासारखा, असा विहार सहसा नसतो.

आत मात्र रिकामं वाटतं. फासळ्या इथेही होत्या, आता नाहीत, छतावर नुसत्या खुणा. आणि १८६१च्या सुमारापर्यंत साहेब लोक बघायला येणार म्हणून स्थानिक अधिकारी आतून रंगरंगोटी करून घ्यायचे, त्यात जुना गिलावा आणि त्यावरची चित्रं गेली. साहेब येणार म्हणून चुना मारायची सवय किती जुनी आहे बघा.

व्हरांड्यात दान देणाऱ्याचा लेख आहे, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक. नाशिकचा माणूस इथे येऊन पैसे देतो. घाटवाटांचं व्यापारी जाळं समजवायला मला एवढी एक ओळ पुरते, वेगळं भाषण नको.

१६ नोव्हेंबर

ओळंबा! कल्पना सुतारकाकांची.

भाज्याचे सत्तावीस खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. अष्टकोनी, साधे, खाली बैठक नाही वर नक्षी नाही, आणि सरळ उभे नाहीत. खरं लाकडी छप्पर असेल तर कमानीच्या फासळ्या खांबांना बाहेर ढकलतात, म्हणून खांब आधीच आत कलते लावायचे, म्हणजे ते तो रेटा झेलतात. दगडात रेटाच नाही. तरी कल ठेवला, कारण सुताराचा हात तसाच होता.

हे तोंडाने सांगून कोणाला पटत नाही, डोळ्यांना कल पटकन दिसतही नाही. त्यामुळे गवंडी वापरतात तो पितळी ओळंबा घ्यायचा, हात उंच करून दोरी खांबाच्या वरच्या भागाजवळ धरायची, दगडाला न टेकवता, आणि खाली अंतर बघायचं. काल संध्याकाळी रखवालदारांना विचारून करून बघितलं. डोक्याएवढ्या उंचीवरून सोडला तर पायाशी दोन-अडीच इंच फरक येतो. बारीक दिसतो आकडा, पण अकरा फुटांच्या खांबाला तो जवळजवळ दुप्पट होतो.

मग हीच दोरी बेडशाला, तिथे कल राहिलाय पण बराच कमी. आणि कार्ल्याला दोरी आणि खांब समांतर. १९व्या शतकात जेम्स फर्ग्युसनने लेण्यांचा काळ लावताना हाच कल पुरावा म्हणून धरला होता. म्हणजे एका दोरीवर तीन लेणी क्रमाने लागतात. छापील माहितीपत्रक काढणार होते ते रद्द, त्याऐवजी प्रत्येकाला एक कोरं कार्ड, त्यावर तीन उभ्या रेघा, प्रत्येक ठिकाणी आपापला कल काढायचा.

मैत्रिणीने बांबूच्या कामट्यांचं फूटभर मॉडेल केलंय, खांब सरळ लावून वरून दाबलं की फाकतं, कलते लावून दाबलं की टिकतं. हे बसमध्ये दाखवायचं, लेण्यात नाही.

२५ नोव्हेंबर

किरकोळ कामं. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. मुक्काम कामशेतजवळ, म्हणजे सकाळी बेडसे जवळ पडतं आणि लोणावळ्याची गर्दी टळते. भाजे आणि कार्ल्याला तिकीट आहे, बेडशाला नाही. ट्रायपॉड परवानगीशिवाय नाही, आधीच सांगून ठेवलं कारण आमच्यात दोन फोटोवाले आहेत.

मोहोळं. कार्ल्याच्या कमानीवर आग्या मोहोळ लटकलेलं बघितलं होतं. अत्तर-डिओ नको, धूर-उदबत्ती नको, वर ड्रोन तर अजिबात नको.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भाजे. साडेतीनला वर. आधी दहा मिनिटं काही न बोलता बघू दिलं, मग ओळंबा काढला. एका ताईंना पहिल्यांदा वाटलं आपला हातच हलतोय, त्यांनी तीनदा केलं, मग शेजारच्या खांबावर केलं, मग त्यांनी इतरांना बोलावून दाखवायला सुरुवात केली आणि माझं काम संपलं.

फासळ्यांना भार नाही हे काकांनी स्वतः सांगितलं. एका मुलाने विचारलं की मग खांब तरी खरे आहेत का. काका म्हणाले, "खांब पण उभा केलेला नाही रे, उरवलेला आहे. वरून खाली खोदत आले, नको तो दगड काढला, खांब राहिला." पोरगा खांबाकडे बराच वेळ बघत होता.

पावणेपाचला ऊन थेट आत, सगळं सोनेरी, सगळे फोटोत गुंग. तेव्हा मैत्रिणीने सांगितलं की हे दृश्य मूळचं नाही. पुढची लाकडी पडदी असताना एवढा उजेड आत येतच नव्हता. उजेड कसा येत असेल ते उद्या कार्ल्याला कळेल, एवढं बोलून विषय सोडला. हे बरं केलं, रात्री जेवताना त्यावर वाद चालला होता.

एकोणिसाव्या लेण्यातली शिल्पं बघितली, रथातली आणि हत्तीवरची. त्यांना सूर्य-इंद्र म्हणायचं की नाही यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही, तिथे फार थांबलो नाही, आपल्या विषयाचं नव्हतं.

१३ डिसेंबर, शनिवार

बेडसे सकाळी, ठरल्याप्रमाणे. बोळातून एकेकाला सोडलं. कल कमी झालेला बहुतेकांनी न सांगता काढला कार्डावर.

कार्ल्याला शनिवारी पण गर्दी होती पण चालण्याइतपत. दर्शन ज्यांना घ्यायचं त्यांनी आधी घेतलं. मग आत, आणि इथे मी एकच गोष्ट सांगितली, पुढची भिंत आता दगडाची आहे, तीन दारं खाली आणि वर ती प्रचंड पिंपळपानी खिडकी. उजेड वरून त्या खिडकीतून येतो आणि स्तूपावर पडतो, दोन्ही बाजूंच्या वाटा काळोखात राहतात. कालच्या वादाचं उत्तर. आतून सुमारे अडतीस मीटर लांब, खांबांना खाली घट आणि वर हत्तींवर बसलेली जोडपी, पण स्तूपाच्या मागचे सात खांब भाज्यासारखेच साधे अष्टकोनी. एक काका मुद्दाम मागे जाऊन सात मोजून आले.

ओळंबा सरळ. सगळे म्हणाले, म्हणजे इथे सुतार संपला. मग मी वर बघायला सांगितलं. फासळ्या लाकडीच. स्तूपावरची छत्री पण लाकडी, आणि अजून जागेवर. एवढी दगडावर हुकमत आली, खांब सरळ झाले, भिंत दगडी झाली, तरी छप्पर म्हणजे लाकूड हे सुटलं नाही.

शेवटी दाराजवळचे लेख. एक मोठा लेख वैजयंतीच्या, बहुधा कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीचा, त्यात हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आहे असं बिनधास्त लिहिलंय. आणि दुसरा छोटा, धेनुकाकटच्या सामी नावाच्या माणसाचा, वेणुवासाचा मुलगा, त्याने दार केलं. त्याचा धंदा लेखात दिलाय: वढकी, म्हणजे सुतार. दगडातलं दार आणि करणारा सुतार.

सुतारकाकांनी ते नाव दोनदा म्हणून घेतलं आणि विचारलं, "बापाचं पण लिहिलंय? शेठजीच्या शेजारी?" म्हटलं हो. "आमचं कोण लिहितं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

१९ डिसेंबर

हिशोब मिटला, माणशी २,९०० पडले, तेवढेच घेतले होते.

पुढच्या वेळचे बदल: बेडशाला वर अर्धा तास जास्त लागतो, लोक त्या बोळातून निघायला तयार नसतात. कार्ल्याला दुपारचं जेवण हलकं ठेवायचं, पायऱ्यांवर तिघांना जड झालं. ओळंबे एकाऐवजी तीन, रांग लागली होती.

मुंबईच्या दोघांनी विचारलं की कान्हेरी का नाही. कान्हेरीचं मोठं चैत्यगृह कार्ल्याची नक्कल आहे, दुसऱ्या शतकातलं, पण खांबांवरचं कोरीव काम अर्ध्यातच थांबलंय. मुंबईकरांसाठी तिसरा दिवस म्हणून जोडता येईल, नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं तेवढं बघून. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की मग फासळ्या दगडाच्या कधी झाल्या. त्याला अजिंठ्याला जावं लागतं. तिथे नऊ आणि दहा नंबरची जुनी चैत्यगृहं आणि एकोणीस नि सव्वीस नंबरची पाचव्या शतकातली, एकाच डोंगराच्या कड्यात. दहाला मधल्या छताच्या फासळ्या लाकडी होत्या आणि बाजूच्या वाटांवरच्या दगडात कोरलेल्या, एकोणीसला सगळ्याच दगडी. एका दिवसात होतं, सोमवार सोडून. फेब्रुवारीसाठी गाडीची चौकशी केलीये, काकांनी आत्ताच एक सीट धरायला सांगितलीये.